मृत्यू दाखल्यात वडिलांचं नाव चुकलंय, वारस नोंद अडलीय. दुरुस्ती कुठे आणि कशी करायची?

सुरंगी
नमस्कार मंडळी. वडील गेल्या पावसाळ्यात गेले. आमचं गाव गुहागर तालुक्यात, पण शेवटी त्यांना दुसऱ्या तालुक्यातल्या शहरात खाजगी हॉस्पिटलला ठेवलं होतं आणि तिथेच ते गेले, त्यामुळे दाखला तिथल्या नगरपरिषदेचा आहे. नावं बदलून लिहितेय पण चूक कशी आहे ते तसंच ठेवलंय. वडिलांचं खरं नाव दत्ताराम भिकाजी. दाखल्यावर आलंय दत्तराम भिवाजी. आडनाव बरोबर आहे. खाली इंग्रजीत पण Dattram Bhivaji असंच आहे.

भात खाचरं आणि थोडी कलमं आहेत, त्या सातबाऱ्यावर आई, भाऊ आणि मी अशी वारस नोंद करायची होती. तलाठी म्हणतात सातबाऱ्यावर दत्ताराम भिकाजी, दाखल्यावर भिवाजी, हा माणूस तोच कशावरून? आणि त्यांचंही चूक म्हणता येत नाही कारण सातबारा सामाईक आहे, भावकीतल्या सगळ्यांची नावं त्यावर, आणि त्यात एक चुलत आजोबा खरोखरच भिवाजी होते, त्यांची मुलंही त्याच सातबाऱ्यावर आहेत. भाऊ नगरपरिषदेत गेला तर खिडकीवर सांगितलं की एकदा नोंद झाली की आम्ही हात लावत नाही, कोर्टाचा आदेश आणा. गावच्या ग्रामपंचायतीत गेला तर ते म्हणाले आमच्याकडे नोंदच नाही. बँकेत वडिलांची एक एफडीपण आहे, नॉमिनी नाही. मी डोंबिवलीला असते, भाऊ गावी. खरंच कोर्टात जावं लागतं का?

चाकरमानी_परळ
ताई कोर्टबिर्ट काही नाही लागत. माझ्या वडिलांचं तुकाराम चं टुकाराम झालेलं. एक प्रतिज्ञापत्र केलं, ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत म्हणून, नोटरी केली, बँकेत दिलं, काम झालं. दाखला दुरुस्त करायच्या भानगडीत पडूच नका, वर्ष जातं त्यात.

खाजणकाठ
नावात बदल असेल तर राजपत्रात जाहिरात द्यावी लागते. ऑनलाइन होतं आता. माझ्या बायकोचं लग्नानंतरचं नाव तसंच केलं आम्ही. राजपत्राची प्रत सगळीकडे चालते.

सुरंगी
@खाजणकाठ दादा पण वडील हयात नाहीत ना, त्यांच्या नावाने अर्ज कोण करणार? आणि त्यांनी नाव बदललं नव्हतं कधी, कागदावर चुकलंय.

खाजणकाठ
हो का, मला वाटलं नाव बदलायचंय. मग राजपत्राचा उपयोग नाही, ते जिवंत माणसाने स्वतःचं नाव बदलायला असतं.

रातांबा
सुरंगीताई, मी एका नगरपरिषदेत जन्म-मृत्यू विभागात बरीच वर्षं काम केलंय, आता निवृत्त आहे. जरा सविस्तर लिहितो.

आधी कोर्टाचं. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे, त्याच्या कलम १५ मध्ये नोंद चुकली असेल तर ती दुरुस्त करायचा अधिकार निबंधकालाच दिलेला आहे. तुमच्या भावाला जे सांगितलं ते बहुधा उशिरा नोंदणीशी गल्लत करून सांगितलंय. मृत्यूची नोंदच झाली नसेल आणि एक वर्ष उलटून गेलं असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, ते कलम १३. तुमची नोंद झालेली आहे, फक्त चुकीची झालीय. या दोन्हींची सरमिसळ खिडकीवर सर्रास होते, मुद्दाम कोणी करत नाही, नवीन माणूस टेबलावर बसला की त्याला आधीच्याने जे सांगितलं तेच तो पुढे सांगतो.

दुसरं, ग्रामपंचायतीने सांगितलं ते बरोबर आहे. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, माणूस कुठला रहिवासी ते बघत नाहीत. घरी गेले असते तर गावची ग्रामपंचायत आणि ग्रामसेवक. शहरात हॉस्पिटलला गेले म्हणून त्या शहराची नगरपरिषद. दुरुस्तीही तिथेच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अर्ज करायच्या आधी चूक नेमकी कुठे झाली ते शोधा. हॉस्पिटल मृत्यू झाल्यावर एक अहवाल भरून नगरपरिषदेला पाठवतं, त्याला नमुना २ म्हणतात. त्यावरून रजिस्टरमध्ये आणि आता कॉम्प्युटरवर नोंद होते, आणि नोंदीवरून दाखला छापला जातो. म्हणजे चूक तीन ठिकाणी होऊ शकते. हॉस्पिटलच्या कागदातच चुकलं असेल, किंवा कागद बरोबर पण नोंद करताना टायपिंगमध्ये चुकलं असेल, किंवा जुन्या हस्तलिखित रजिस्टरात बरोबर आणि फक्त दाखला देताना चुकलं असेल. भावाला सांगा की दुरुस्तीचा विषय काढू नको, आधी साहेबांना एवढंच विचार की हॉस्पिटलकडून आलेला मूळ अहवाल बघायला मिळेल का. तो कागद त्यांच्याकडे फाईलला असतो.

अहवालात बरोबर असेल तर ती त्यांच्या कार्यालयातली लेखनाची चूक, निबंधक स्वतः पडताळून दुरुस्त करतो, फार कागद लागत नाहीत. अहवालातच चूक असेल तर निबंधकाने जे आलं ते बरोबर उतरवलंय, मग हॉस्पिटलला लेखी द्यावं लागतं की आमच्याकडून चुकलं, आणि सोबत खरं नाव सिद्ध करणारे पुरावे. कागद बघून या आणि इथे लिहा, मग पुढचं सांगतो.

तळकोकणी
रातांबा काका बरोबर सांगतत. आमच्याकडे कुडाळाक तसाच झालेला, हॉस्पिटलाचा पत्र मिळाल्यावर काम झाला. पण हॉस्पिटलवाले पत्र देवक टाळाटाळ करतत, त्येंका वाटता आपल्यावर केस येतली.

चाकरमानी_परळ
@रातांबा काका, पण माझं प्रतिज्ञापत्रावर झालं ना. एवढा द्राविडी प्राणायाम कशाला?

रातांबा
परळकर, तुमचं झालं ते खोटं नाही. स्पेलिंगचा फरक होता, रक्कम छोटी असेल, नॉमिनी असेल, बँकेने समाधान करून घेतलं. पण सुरंगीताईंच्या केसमध्ये त्याच सातबाऱ्यावर भिवाजीचे वारस आहेत. उद्या मंडळ अधिकाऱ्यांपुढे फेरफार जाईल तेव्हा पंधरा दिवसांची नोटीस निघते, भावकीतल्या कोणीही हरकत घेतली की दाखल्यावर आमच्या वडिलांच्या घराण्यातलं नाव आहे, तर तुमचं प्रतिज्ञापत्र काय टिकणार? ते तर तुम्हीच स्वतःबद्दल लिहून दिलेलं. शिवाय बँक वेगळं मागणार, घरपट्टीला वेगळं, प्रत्येक ठिकाणी ते प्रतिज्ञापत्र घेऊन उभं राहायचं. दाखला एकदा नीट झाला की सगळीकडे तोच चालतो.

सुरंगी
काका तुमचे खूप आभार. भाऊ काल जाऊन आला. दुरुस्तीचं न बोलता अहवाल बघायचाय म्हटल्यावर तिथल्या मॅडमनी फाईल काढून दाखवली, फोटो काढू दिला नाही पण वाचू दिलं. तुम्ही म्हणालात तसंच निघालं पण अर्धं अर्धं. हॉस्पिटलच्या अहवालात वडिलांचं नाव दत्ताराम असं स्वच्छ लिहिलंय, म्हणजे दत्तराम हे नगरपरिषदेत टाइप करताना झालं. पण वडिलांच्या वडिलांचं नाव अहवालातच भिवाजी आहे. अक्षर असं आहे की क आणि व मध्ये फरक करणं कठीण, पण भिवाजीच वाटतं. सोबत मृत्यूच्या कारणाचा जो डॉक्टरांचा फॉर्म असतो त्यातही भिवाजी. आधार कार्डवर वडिलांचं फक्त दत्ताराम आणि आडनाव आहे, मधलं नाव नाहीच, त्यामुळे हॉस्पिटलने ते तोंडी विचारून लिहिलं असणार.

आता दोन अर्ज करायचे का? आणि भिकाजी सिद्ध करायला आधार कामाचं नाही, मग काय द्यायचं?

रातांबा
अर्ज एकच करा, पण त्यात दोन्ही चुका वेगवेगळ्या लिहा. पहिल्या परिच्छेदात लिहा की मृताचं नाव आपल्याकडील नमुना २ प्रमाणे दत्ताराम आहे, नोंदीत दत्तराम झालं आहे, ते अहवालाप्रमाणे दुरुस्त करावं. दुसऱ्यात लिहा की मृताच्या वडिलांचं नाव हॉस्पिटलकडून चुकून भिवाजी कळवलं गेलं, खरं नाव भिकाजी, सोबत हॉस्पिटलचं पत्र आणि पुरावे. असं वेगळं लिहिलं की साहेबाला कशावर स्वतः सही करायची आणि कशाला आधार घ्यायचा ते लगेच कळतं. दोन्ही एकत्र ढकललं की तो सगळंच बाजूला ठेवतो. इंग्रजी ओळ वेगळी मागा, म्हणजे Dattaram Bhikaji असं पूर्ण स्पेलिंग अर्जात लिहून द्या, नाहीतर मराठी दुरुस्त होतं आणि इंग्रजी तसंच राहतं. बँकवाले नेमकी इंग्रजी ओळ बघतात.

भिकाजीसाठी सगळ्यात भक्कम कागद तुमच्या आजोबांच्या वारस नोंदीचा फेरफार. आजोबा गेले तेव्हा सातबाऱ्यावर त्यांचं नाव कमी होऊन मुलांची नावं लागली असतील, त्या फेरफारात लिहिलेलं असतं की भिकाजी अमुक मयत, वारस मुलगा दत्ताराम. म्हणजे बाप आणि मुलगा दोघांचं नातं एका सरकारी कागदावर, आणि तोही आजचा नाही, जुना, तेव्हा कोणाला या भांडणाची कल्पना नव्हती. फेरफार नंबर तुमच्या सातबाऱ्यावर नावापुढे वर्तुळात दिलेला असतो. तलाठ्याकडून किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातून सही-शिक्क्याची नक्कल घ्या. दुसरा कागद वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला. तो घरात नसेल तर गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापक देतात.

आणि नियमाप्रमाणे अशा चुकीला, जिथे नोंदीतली माहितीच वेगळी आहे, दोन विश्वासार्ह माणसांचं लेखी निवेदन लागतं ज्यांना खरी गोष्ट माहीत आहे. ते भाऊ आणि आई यांचं देऊ नका. वाडीतले वयस्कर शेजारी, पोलीस पाटील, वडिलांसोबत नोकरीला असलेले कोणी, असे द्या. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे, साध्या कागदावर चालतं, हे शांतपणे सांगा. तरी स्टॅम्प मागितलाच तर वाद घालायचा की नाही ते भावाने तिथे बघून ठरवावं.

अर्जाची पोच घ्या. तारीख आणि आवक नंबर असलेली.

आबोली
मी मध्येच माझा प्रश्न विचारते, माफ करा पण विषय हाच आहे. आई गेली सावंतवाडीला. माहेरी देवगडला तिच्या वडिलांच्या जमिनीत तिचं नाव आहे, सातबाऱ्यावर ते माहेरच्या नावाने, समजा सुमती गोविंद. मृत्यू दाखल्यावर सासरचं नाव, सुनंदा आणि बाबांचं नाव. सगळं आयुष्य ती सुनंदाच होती. आता मामा लोकांनी बाग विकायला काढलीय, आम्हा बहिणींची नावं लागल्याशिवाय व्यवहार होत नाही. मी नगरपरिषदेत मागितलं की सुनंदा ऊर्फ सुमती असं करून द्या, तर सरळ नाही म्हणाले.

चाकरमानी_परळ
@आबोली तुमच्यासाठी मात्र माझं प्रतिज्ञापत्रच.

रातांबा
आबोलीताई, तुमच्या केसमध्ये दाखला चुकलेलाच नाही. आई सुनंदा म्हणूनच जगल्या, आधार, रेशनकार्ड, सगळं तसंच. निबंधक चूक दुरुस्त करू शकतो, बरोबर नोंदीत नवं नाव घालू शकत नाही, त्यामुळे त्यांनी नाही म्हटलं ते योग्य. तुम्हाला सुमती आणि सुनंदा एकच हे महसूल खात्याकडे सिद्ध करायचंय. लग्नाचा पुरावा, माहेरच्या शाळेचा उतारा, मामांचे लेखी जबाब. मामा लोकांना व्यवहार करायचाच आहे म्हणजे ते सही देतील, ही तुमची जमेची बाजू. तलाठ्यांनी स्थानिक चौकशी करून नोंद घातली तर ठीक. नाही घातली तर दिवाणी न्यायालयातून वारस दाखला, तिथे मात्र वकील लागेल. परळकर म्हणतात ते प्रतिज्ञापत्र यात एक कागद म्हणून लावा, पण त्याच्या एकट्याच्या जोरावर नाही.

आबोली
मामा तिघे, त्यातला एक सही देत नाही. तिथेच घोडं पेंड खातंय.

तळकोकणी
ह्या तर सगळीकडेच आसा. बागेक भाव इलो की भाऊबंद आठावतत.

सुरंगी
अपडेट देते. हॉस्पिटलने आधी खरोखरच टाळाटाळ केली, तळकोकणी म्हणाले तसंच. आमच्याकडून गेलेला कागद आता आम्ही बदलू शकत नाही म्हणे. भावाने सांगितलं कागद बदलू नका, फक्त लिहून द्या. मग त्यांनी वडिलांच्या केसपेपरची फाईल काढली तर आत भरतीच्या फॉर्मवर भावाने स्वतःच्या हाताने भिकाजी लिहिलेलं होतं! म्हणजे नर्सने किंवा क्लार्कने अहवाल भरताना ते भिवाजी वाचलं. ते बघितल्यावर पत्र दिलं. पण पत्र त्यांनी "ज्याच्याशी संबंधित असेल त्यास" असं दिलंय, नगरपरिषदेच्या मॅडम म्हणाल्या असं चालणार नाही.

रातांबा
चालत नाहीच. पत्र निबंधक, जन्म-मृत्यू, अमुक नगरपरिषद यांच्या नावाने हवं. लेटरहेडवर, जावक नंबर आणि तारीख, मृत्यूची तारीख, आंतररुग्ण नंबर, आणि स्पष्ट वाक्य की आमच्याकडून पाठवलेल्या मृत्यू अहवालात मृताच्या वडिलांचं नाव भिवाजी असं नमूद झालं, आमच्या अभिलेखाप्रमाणे ते भिकाजी आहे. वैद्यकीय कारणाच्या फॉर्ममध्येही तीच चूक आहे हे त्याच पत्रात लिहून घ्या. खाली ज्या डॉक्टरांनी अहवालावर सही केली त्यांची किंवा हॉस्पिटलच्या प्रमुखांची सही-शिक्का. भरतीच्या फॉर्मची साक्षांकित झेरॉक्स जोडायला सांगा, तो कागद सोन्यासारखा आहे कारण तो मृत्यूच्या आधीचा आहे.

हॉस्पिटलला भीती वाटते त्याचं कारण त्यांना वाटतं आपण खोटी माहिती दिली असं होईल. त्यांना सांगा की दुरुस्तीत जुनी नोंद खोडत नाहीत. मूळ नोंद तशीच राहते, बाजूला समासात दुरुस्ती लिहून निबंधक तारीख घालून सही करतो. कोणावर ठपका नाही.

खाजणकाठ
मग दाखल्यावर दोन्ही नावं दिसतात का? जुनं आणि नवं?

रातांबा
नाही, नवीन दाखल्यावर दुरुस्त नाव येतं. पण एक गोष्ट मात्र डोळ्यात तेल घालून बघा. नवीन दाखल्यावर नोंदणी क्रमांक आणि नोंदणीची तारीख जुनीच हवी, फक्त दाखला दिल्याची तारीख नवीन. काही ठिकाणी दुरुस्तीची कटकट नको म्हणून नवीन नोंद करून देतात. तसं दिलं तर घेऊ नका. एका माणसाचे दोन मृत्यू नोंदले जातात आणि पुढे कधी पडताळणी झाली तर दोन्ही दाखले अडकतात. जुन्या दाखल्याच्या प्रती कुठे दिल्या असतील तर तिथे नवीन नेऊन द्या.

चाकरमानी_परळ
आणि निबंधकाने तरीही नाहीच म्हटलं तर?

रातांबा
नकार लेखी मागायचा. २०२३ च्या दुरुस्तीने कायद्यात अपिलाची सोय झालीय, निबंधकाच्या आदेशाविरुद्ध जिल्हा निबंधकांकडे तीस दिवसांत अपील. तोंडी नकारावर अपील कसं करणार, म्हणून पोच आणि लेखी उत्तर यावर मी एवढा जोर देतोय. बरेचदा लेखी मागितलं की काम होऊनच जातं.

सुरंगी
काका, झालं! पत्र तुमच्या मजकुराप्रमाणे करून घेतलं. फेरफाराची नक्कल मिळाली, त्यात आजोबा भिकाजी मयत, वारस आमचे वडील आणि दोन काका असं मोडी वळणाच्या अक्षरात पण देवनागरीतच लिहिलंय, आईला ते बघून खूप भरून आलं. निवेदनं शेजारच्या तात्यांनी आणि वडिलांसोबत एसटीत असलेल्या एका काकांनी दिली. स्टॅम्प मागितला नाही. नवीन दाखला हातात आलाय, नोंदणी क्रमांक तोच आहे, मराठी आणि इंग्रजी दोन्ही बरोबर. मिळाल्यावर भावाने खिडकीसमोर उभं राहूनच प्रत्येक ओळ वाचली, आणि बरं झालं, कारण पहिल्या प्रिंटमध्ये पत्त्यात गावाचं नाव चुकलं होतं, ते तिथल्या तिथे बदलून घेतलं.

आता दोन प्रश्न राहिलेत. तलाठ्यांनी आधीचा अर्ज परत केला होता, आता तीन महिन्यांच्या वर वेळ गेला, हक्क जातो का? आणि बँक म्हणते मृत्यू दाखल्यावर वारसांची नावं नाहीत.

रातांबा
हक्क जात नाही. तीन महिन्यांत कळवायचं असं महसूल कायद्यात आहे, पण वारसाहक्क मृत्यूच्या क्षणीच मिळालेला असतो, नोंद नंतरही होते. नवीन दाखला लावून नवीन अर्ज करा, ई-हक्क वरून ऑनलाइनही जातो. फेरफाराची नक्कल आणि दुरुस्त दाखला सोबत जोडाच, भिवाजीच्या वारसांनी हरकत घेतली तर मंडळ अधिकाऱ्यांसमोर तेच दोन कागद बोलतील.

बँकेचं म्हणणं निम्मं बरोबर. मृत्यू दाखल्यावर वारस कधीच नसतात, तो फक्त कोण, कधी, कुठे गेलं ते सांगतो. नॉमिनी नसेल तर ठरावीक रकमेपर्यंत बँक वारसांचं हमीपत्र घेऊन देते, वर असेल तर कोर्टाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र मागते. तुमच्या बँकेची मर्यादा किती ते शाखेत लेखी विचारा.

सुरंगी
शाखेत विचारलं, साहेब रजेवर आहेत, सोमवारी या म्हणाले. काही कळलं की लिहिते. @आबोली ताई, तुमच्या आजोबांच्या वारस नोंदीचा फेरफार काढून बघा ना, त्यात तुमच्या आईचं सासरचं नाव पण लिहिलेलं असेल कदाचित. आमच्या त्याच फेरफारात आत्याचं नाव तसं लिहिलेलं निघालं, माहेरचं आणि पुढे अमक्याची बायको असं.

आबोली
अगं हे कोणीच सांगितलं नव्हतं. उद्याच देवगडला फोन करते.